वर गेलेला फुगा

ईदगाहबाहेर घेतलेला गॅसचा फुगा भाचीच्या हातून सुटला. रडून झाल्यावर तिनं विचारलं, "मामू, फुगा फुटला की त्यातला गॅस कुठं जातो?" फुगेवाल्यांच्या टाकीत बहुधा हायड्रोजन असतो. मी म्हटलं, बराचसा इथंच माती आणि हवेत खपतो. पण हवेत खूप उंच जो थोडा हायड्रोजन पोचतो, त्यातला काही पृथ्वी सोडून कायमचा जातो. "मग आपली हवाही जाईल?"

प्रश्न रास्त होता. पृथ्वी सोडायला 500 किलोमीटर उंचीवर सेकंदाला जवळजवळ 10.8 किलोमीटर वेग लागतो. तिथलं तापमान साधारण 1000 केल्विन धरलं, तर हायड्रोजनच्या अणूंचा सर्वाधिक संभाव्य वेग, म्हणजे ज्याच्या आसपास सगळ्यात जास्त अणू सापडतील तो, 4.1 किलोमीटर येतो. सरासरी 4.6. दोन्ही निम्म्याहूनही कमी. मग जातो कसा?

सगळे अणू एका वेगानं धावत नाहीत. टकरा होत राहतात, कुणी मंदावतं, कुणी झेपावतं. या वाटणीचा नियम मॅक्सवेलनं 1860 मध्ये मांडला. त्याचा आलेख शून्यापाशी सुरू होतो, चढतो आणि उजवीकडे लांब शेपटी सोडून उतरतो. वेग शून्याखाली जाऊ शकत नाही, वर मात्र भिंत नाही, म्हणूनच सरासरी शिखराच्या थोडी उजवीकडे पडते.

निसटणारे सगळे त्या शेपटीत असतात. 10.8 च्या पुढचा भाग मोजला तर हायड्रोजनचे हजारात जेमतेम तीन अणू. ते गेले की टकरांमधून शेपटी पुन्हा भरते.

आता ऑक्सिजनचा अणू घ्या. तो सोळापट जड, म्हणून त्याच तापमानाला त्याचा वेग फक्त चौपट कमी. पण शेपटी वेगाच्या वर्गाप्रमाणे घातांकात आटते, त्यामुळे उत्तर चौपटीत बदलत नाही. एकावर 46 शून्ये द्या. तेवढ्या अणूंतही पुरेसा वेगवान असा एक भरत नाही. भाचीला सांगितलं, हवेची काळजी नको. (शून्यं तिनं वहीत लिहून पाहिली, ओळ पुरली नाही.)

खाली, आपल्याजवळ, अतिवेगवान अणू असला तरी निसटत नाही. मिलिमीटरचा दहा हजारावा भागही न जाता तो दुसऱ्यावर आदळतो. साधारण 500 किलोमीटरवर हवा इतकी विरळ होते की वर निघालेल्याला अडवणारं कुणी उरत नाही.

तरी हजारात तीन या आकड्यावरून पृथ्वी किती हायड्रोजन गमावते हे ठरवू नये. काही अणू विद्युतभारित कणांशी देवाणघेवाण होऊन वेगळ्या वाटेनंही जातात, आणि एकूण हिशेब मुख्यतः खालून किती हायड्रोजन वर चढतो यावर अडतो. तो सेकंदाला सुमारे 3 किलो आहे.