एक्स्टर्नल येणार नाहीत

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्ट ओरल दोन माणसांवर उभी असते. एक आपला गाइड, म्हणजे इंटर्नल, आणि दुसरा बाहेरच्या कॉलेजातून आलेला एक्स्टर्नल. गुणांच्या यादीवर दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे एक जण नसला की दुसऱ्याला एकट्याने काही करता येत नाही. वर्षभर कष्ट केलेली मुलं तयार, सर्किट टेबलावर मांडलेलं, आणि परीक्षा मात्र थांबलेली. १९९०च्या दशकात विद्यार्थी म्हणून मी हे पाहिलं आणि आता गाइड म्हणून पाहतो आहे.

तेव्हा आमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठात होतं. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झालं. त्याआधी तिथली कॉलेजंही कोल्हापूरलाच जोडलेली होती. त्यामुळे सोलापूरचे एक्स्टर्नल रात्रीच्या एसटीने कोल्हापूरकडे येत आणि स्टँडवरून थेट डिपार्टमेंटमध्ये पोचत. आमच्या ओरलच्या दिवशीही सगळे त्यांचीच वाट बघत होते. दहा वाजले, साडेदहा झाले. गाडी उशिरा आली असेल, असं गाइड सरांनी सांगितलं. मग एचओडींच्या केबिनमधला फोन वाजला. एक्स्टर्नल सरांच्या घरी मृत्यू झाला होता. त्यांच्या धाकट्या भावाने एसटीडी बूथवरून निरोप दिला होता.

पुढे जे झालं ते आजही मला नेमकं आठवतं, कारण त्यातला क्रम फार सरळ होता. एचओडींनी पहिला प्रश्न गाइडना विचारला, "तारीख बदलायची की माणूस?" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. विद्यापीठाने ओरलसाठी दिलेल्या मुदतीत तारीख पुढे-मागे करणं कॉलेजच्या हातात होतं. परीक्षक बदलायचा तर प्राचार्यांचं पत्र आणि परीक्षा विभागाची मंजुरी हवी. दुःखाच्या घरातून माणसाला चार दिवसांत बोलावणं कुणालाच पटलं नाही, म्हणून माणूस बदलायचं ठरलं. प्राचार्यांनी पत्र लिहिलं, क्लार्कने ते टाइप केलं आणि शिपाईमामा ते घेऊन स्वतः विद्यापीठात गेले. सांगलीच्या एका सरांचं नाव मंजूर होऊन संध्याकाळी परत आलं.

मग नोटीस लागली. कागद एकच, खाली एचओडींची सही, वर जुनी तारीख रद्द आणि नवी तारीख. हॉस्टेलची मुलं जेवायला जाता-येता ती वाचत. गावाहून येणाऱ्यांना कुणीतरी सांगे. त्या कागदाची दुसरी आवृत्ती नव्हती, म्हणून त्यावर वादही नव्हता. आज मला त्याचीच सगळ्यात जास्त आठवण येते.

मधले दिवस रिकामे गेले नाहीत. आमचा प्रोजेक्ट ८०८५ मायक्रोप्रोसेसरवर चालणारा तापमान नियंत्रक होता. प्रोग्राम ईप्रॉममध्ये, आणि त्या चिपच्या काचेच्या खिडकीवर प्रकाश पडू नये म्हणून काळा स्टिकर. ब्रेडबोर्डवरचं सर्किट चार दिवस टेबलावर राहिलं की एखादी वायर हमखास सैल होते. लॅब असिस्टंटने खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली आणि रोज सकाळी आम्हाला सेट चालू करून बघायला लावलं. दुपारी गाइड सर आम्हाला समोर बसवून प्रश्न विचारत. सेन्सर हाच का निवडला, हीटर बंद झाल्यावरही तापमान थोडं वर का जातं, हे त्यांनी त्याच दिवसांत आमच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. सांगलीच्या सरांनी ओरलला जवळपास तेच विचारलं. खरं म्हणजे आमची तयारी त्या लांबलेल्या दिवसांनीच पूर्ण केली.

आता निरोप लगेच येतो, आणि ते चांगलंच आहे. रात्रभर एसटीत बसून आलेल्या माणसाला परत पाठवायची वेळ येत नाही, की मुलांनाही दुपारपर्यंत ताटकळत राहावं लागत नाही. गेल्या उन्हाळ्यातलंच बघा. एक्स्टर्नल मॅडमचा संध्याकाळी फोन आला, "सर, आमच्याकडे एनबीएची समिती नेमकी त्याच दिवशी येतेय. मला कॉलेज सोडता येणार नाही." ओरलला अजून तीन दिवस होते. तेव्हाच्या मानाने आमच्याकडे वेळच वेळ होता.

तरी अडचण झाली. बातमी कुणाकडून तरी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि प्रत्येक जण आपली सोय सांगू लागला. एकाची पुण्यात इंटर्नशिप, दुसरीला बेंगळुरूला कंपनीत रुजू व्हायचं, तिसऱ्याचं रेल्वेचं तिकीट काढलेलं. "तुम्हाला कधी जमेल?" हा प्रश्न सगळ्यांना एकदम विचारला की उत्तर निघत नाही. म्हणून आमच्या एचओडींच्या जुन्या प्रश्नापासूनच मी सुरुवात केली: माणूस तोच, तारीख बदलायची. मग सगळ्यात कमी मोकळीक ज्यांना, त्यांना आधी विचारायचं. मॅडमना मी मुदतीत बसणारे दोन अर्धे दिवस सांगितले. त्यांनी शुक्रवार दुपार घेतली. मग लॅब मोकळी आहे का ते पाहिलं, कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल होती. गुण ऑनलाइन भरायची शेवटची तारीख परीक्षा विभागाकडून पक्की करून घेतली. मुलांना सर्वात शेवटी सांगितलं. बेंगळुरूच्या मुलीचा गट पहिला ठेवला, एवढीच सवलत.

ऑनलाइन ओरल घ्यावी, असं काही मुलांनी सुचवलं. कोरोनाच्या काळात आम्ही सगळ्यांनी ती घेतली होती, दुसरा मार्गच नव्हता. पण या गटांचं काम हार्डवेअरचं होतं. एक्स्टर्नलने सेन्सरवर स्वतः बोट ठेवून आकडा हलतो का ते पाहायचं, मधली एक वायर काढून "आता काय होईल?" असं विचारायचं, हे पडद्यावरून होत नाही. शिवाय त्यासाठी परीक्षा विभागाची परवानगी लागलीच असती. मी नाही म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन.

खरा घोळ तारीख ठरल्यावर झाला. जुन्या तारखेचं कॅलेंडरवरचं आमंत्रण रद्द न करताच कुणीतरी नवं पाठवलं, त्यामुळे काही फोनवर दोन्ही दिसत होती. त्यात आधीचा मेसेजही पुन्हा फिरू लागला. लॅब असिस्टंटला दोन मुलांनी "उद्या आहे ना?" असं विचारलं, तेव्हा मला ते कळलं. मग एकच पत्रक तयार केलं: बुधवारची ओरल रद्द, शुक्रवारी दीड वाजता, खोली, गटांचा क्रम, आणि एचओडींची सही. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, छापील प्रत बोर्डवर लावली आणि प्रत्येक गटप्रमुखाला वार आणि वेळ स्वतः लिहून उत्तर द्यायला सांगितलं. नुसता अंगठ्याचा इमोजी चालणार नव्हता. एका गटाने त्या उत्तरातही बुधवारच लिहिला, म्हणून तो वेळीच सापडला.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. तेव्हा ओरल हलवायला मृत्यूसारखं कारण लागे, कारण हलवणं सगळ्यांनाच जड होतं. आता एका मेसेजने हलते म्हणून लहानसहान कारणांनी दोनदा-तीनदा हलते, आणि दर वेळी मुलांची तयारी मोडते. शिवाय पुढे ढकललेल्या दिवसांत मुलं घरी असतात. दुपारी समोर बसवून कुणी प्रश्न विचारत नाही. म्हणून शुक्रवारच्या आदल्या दिवशी मी गटांना लॅबमध्ये बोलावून सेट चालू करायला लावले. एका गटाचा डिस्प्ले पेटलाच नाही. तो संध्याकाळी सात वाजता दुरुस्त झाला.

आमचे एचओडी वेळापत्रक करतानाच मुदतीतले शेवटचे दोन दिवस कोरे ठेवत. पोस्ट आणि एसटी यांचा भरवसा नसे, म्हणून. आता सगळं वेळेत होईल असं धरून आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत गट भरतो, आणि एखादी ओरल हलली की ती जाऊन पडायला जागाच उरत नाही. यंदाचं वेळापत्रक माझ्याकडे आहे. त्यातले शेवटचे दोन दिवस मी कोरे ठेवले आहेत, आणि जवळच्या कॉलेजातल्या एका सरांना पर्यायी परीक्षक म्हणून आधीच मंजूर करून घ्यावं, असं प्राचार्यांना लिहून दिलं आहे.