चार पानांची दोन केली आणि जुळणी वाढली!

रेझ्युमेत एकही नवा शब्द न घालता, नुसती दोन पानं काढून टाकली, तरी तो जाहिरातीशी जास्त जुळतो! हे कळल्यापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. पानं कमी करा, असं सगळेच सांगतात. पण त्यामागे चक्क वर्गमूळ आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

माझा मावसभाऊ चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. अनुभव बारा वर्षांचा; पहिली काही वर्षं मेंटेनन्सला, नंतर क्वालिटीला. जाहिरात होती सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची आणि त्याचा रेझ्युमे चार पानी. कागद-पेन्सिल घेऊन आम्ही शब्द मोजायला बसलो.

उमेदवारांची क्रमवारी लावणारी काही सॉफ्टवेअर जाहिरात आणि रेझ्युमे या दोन्हींची शब्दांची यादी करतात आणि त्या याद्या किती जुळतात ते पाहतात. त्यासाठीचं एक जुनं, सोपं माप म्हणजे कोसाइन, आपण अकरावी-बारावीत शिकलो तेच! समजा जाहिरातीत चारच महत्त्वाचे शब्द आहेत: पीपॅप, एसपीसी, एट-डी आणि ऑडिट. प्रत्येक एकदा. भावाच्या क्वालिटीच्या दोन पानांत हे चारही शब्द तीन-तीनदा आले आहेत. शिवाय इतर अठ्ठावीस शब्द एकेकदा. (हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केलेत.) जुळलेले शब्द झाले 12. आता त्यांना दोन्ही याद्यांच्या ‘लांबी’ने भागायचं. लांबी म्हणजे प्रत्येक शब्द जितक्यांदा आला त्या संख्येचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. जाहिरातीची लांबी 2, रेझ्युमेची 8.

```
दोन पानं: 12 ÷ (2 × √(36 + 28))       = 0.75
चार पानं: 12 ÷ (2 × √(36 + 28 + 80))  = 0.50
```

दुसऱ्या ओळीतले 80 म्हणजे मेंटेनन्सच्या दिवसांची वाढीव पानं: ब्रेकडाऊन, लुब्रिकेशन, शिफ्ट रोस्टर, शिवाय वडिलांचं नाव, छंद आणि खालचं ते प्रतिज्ञापत्र. वरचे 12 जागचे हलले नाहीत. भागाकारातला खालचा आकडा तेवढा फुगला!

आणि खरी गंमत पुढेच आहे. वर्ग होतो ना, म्हणून ‘ब्रेकडाऊन’ एकदा लिहिलं तर बेरजेत 1 पडतो, तीनदा लिहिलं तर 9 आणि पाचदा लिहिलं तर 25! म्हणजे जुन्या नोकरीतल्या मोजक्याच शब्दांची पुन्हा पुन्हा उजळणी केली, तरी ऐंशी निरनिराळ्या शब्दांइतका फटका बसतो. प्रत्येक जुन्या नोकरीखाली तेच तेच काम नव्याने लिहिणं महाग पडतं ते इथे.

मग सगळं एकाच पानात कोंबावं का? तेही करून पाहिलं. एका पानात बसवताना ऑडिटची सगळी कामं गळाली, इतर शब्द निम्मे झाले. गणित आलं 9 ÷ (2 × √(27 + 14)), म्हणजे साधारण 0.70. दोन पानांपेक्षा कमी! बारा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाकडे जाहिरातीशी जुळणारा मजकूरच दोन पानांचा होता. मला तर इथेच सगळं उलगडलं: किती पानं हे वयावर ठरत नाही, या जाहिरातीसाठी कामाचा मजकूर किती आहे त्यावर ठरतं. फ्रेशरकडे एक प्रोजेक्ट, एक इंटर्नशिप, म्हणून एक पान. सात-आठ वर्षांपर्यंतही बहुतेकांना एकच पुरतं. दहाच्या पुढे दोन. वीस-पंचवीस वर्षांच्या प्लांट हेडलाही दोनच. तिसरं पान घ्यायचंच तर मोठ्या प्रकल्पांसाठी, जुन्या पदांसाठी नव्हे. प्राध्यापक-संशोधकांचा सीव्ही निराळा; तिथे शोधनिबंधांची यादी हवीच, ती लांबणारच.

सगळीकडे असं गुणांकन होतं असंही नाही. बऱ्याच ठिकाणी एचआर नुसता शब्द टाकून शोधतो. तिथे चार पानांनाही दंड नाही. पण सापडलेली फाइल पुढे माणूसच उघडतो. भावाच्या जुन्या रेझ्युमेत पीपॅप पहिल्यांदा यायचा तिसऱ्या पानावर, तिथवर कोण जाणार! आता तो पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्यात आहे आणि मेंटेनन्सची सगळी वर्षं शेवटी एका ओळीत आली आहेत: पद, कारखाना, साल.

तुम्हीही आज जाहिरात शेजारी ठेवा, तिच्यातले शब्द आपल्या रेझ्युमेत पेन्सिलीने गोल करा. ज्या पानावर एकही गोल पडणार नाही, ते पान या अर्जापुरतं काढून टाका.