नारळाचा शेंडा

१० जून
बदलीची ऑर्डर आली. १ जुलैला पुण्यात हजर व्हायचं. आईला साताऱ्यात एकटीला ठेवता येणार नाही, पावसाळ्यात तिचा दमा उचल खातो.
रात्री एजंटचे नऊ फोटो. धनकवडी, दुसरा मजला, वन बीएचके. भाडं १९,०००, डिपॉझिट ६०,०००, एक महिन्याचं ब्रोकरेज. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, खाली ट्रॉल्या. खिडकीत नारळाचा शेंडा. आई म्हणाली, ओटा छान आहे.

११ जून
एजंटचे तीन फोन. दहा हजार टोकन टाका, बघायला नंतर निवांत या. "मॅडम, दोन पार्ट्या मागे लागल्यात."
लागू देत.

१३ जून
पहाटेची एसटी. स्वारगेटला उतरले तेव्हा पाऊस.
फ्लॅट बघितला. ट्रॉल्या नाहीत. ओट्याखाली उघडे कप्पे, एका कोपऱ्यात झुरळांच्या औषधाचे ठिपके. फरशी फोटोत पांढरी, इथे पिवळट ठिपक्यांची. एजंट म्हणाला, "फोटो जरा जुने आहेत, फ्लॅट तोच." फोटो जुने झाले म्हणून फरशी बदलत नाही. बोलले नाही.
बेडरूममध्ये नव्या रंगाचा वास, तोही एकाच भिंतीला. तिथेच लोखंडी कपाट टेकवलेलं. सरकवायला सांगितलं. कुरकुरत सरकवलं. मागे रंगाला फुगे आलेले, बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. भिंत गार.
स्वतः फोटो काढले. प्रत्येक खोलीचे, दारातून आणि समोरच्या कोपऱ्यातून. ओलीचा फोटो काढताना शेजारी छत्री उभी धरली, उंची कळावी म्हणून.
खिडकीपाशी गेले. बाहेर नारळाचं खोड. शेंडा बघायला मान वर करावी लागली.

१३ जून, रात्री
एसटीत त्याचे आणि माझे फोटो एकामागून एक बघत आले. झाड तेच, बिल्डिंग तीच. पण त्याच्या फोटोत शेंडा खिडकीच्या खाली आहे. हे चौथ्या-पाचव्या मजल्यावरचं घर असणार.

१४ जून
ओल पावसाची नाही. डाग नळाच्या उंचीपासून सुरू होतो, खाली जमिनीकडे पसरत जातो. त्या भिंतीपलीकडे बाथरूम. रस्त्याकडची बाहेरची भिंत मात्र दोन दिवसांच्या पावसातही कोरडी होती. म्हणजे भिंतीतला पाइप गळतोय. वरून कितीही रंग मारा, महिन्याभरात पुन्हा फुगणार.
आईला फक्त ट्रॉल्या नाहीत एवढं सांगितलं.

१५ जून
मेसेज तीनदा खोडला. पहिल्या खेपेस फार तिखट झाला होता. फसवलंत असं लिहिलं की माणूस भांडायला बसतो, उत्तर देत नाही. शेवटी पाठवला तो असा:

"नमस्कार. १० तारखेला तुम्ही पाठवलेले फोटो आणि १३ तारखेला पाहिलेला फ्लॅट यांत फरक आहे. दोन्हीकडचे फोटो सोबत जोडले आहेत. ट्रॉल्या नाहीत, फरशी वेगळी आहे, खिडकीतलं दृश्य वेगळ्या मजल्यावरचं आहे. बेडरूमच्या भिंतीला बाथरूमच्या बाजूने ओल आहे. मला घर हवं आहे, पण पैसे देण्याआधी एवढं लेखी कळवा: फोटो कोणत्या फ्लॅटचे? ओलीचं काम कोण करणार, कोणाच्या खर्चाने, कोणत्या तारखेपर्यंत? टोकन कोणाच्या खात्यात जाणार, कशातून वजा होणार, आणि काम झालं नाही तर किती दिवसांत परत मिळणार? मालकांशी एकदा बोलणं करून द्या."

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

१६ जून
व्हॉइस मेसेज, दोन मिनिटांचा. "ताई, एवढं कोण बघतं, पुण्यात अशी घरं तासात जातात." मॅडमची ताई झाले.
म्हटलं, लिहून पाठवा. ऐकलेलं मला लक्षात राहत नाही.

१७ जून
त्याने लिहिलं: "फोटो सॅम्पलचे होते." बाकी प्रश्नांना बगल. खाली स्वतःचा क्यूआर कोड.
टोकन त्याच्या खात्यात गेलं तर मालकाला त्याची खबरही नसेल. उद्या नाही म्हणाले, तर मागायचं कोणाकडे?
रात्रभर दुसरी घरं शोधली. या भाड्यात, आईसाठी दवाखाना जवळ असलेलं एकही नाही. तेरा दिवस उरले.

१८ जून
आईने विचारलं, "देऊन टाकलेस का पैसे?" नाही म्हटलं. ती बरं म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

१९ जून
मालकांचा फोन. निवृत्त शिक्षक, राहतात सांगलीला. ओलीचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आधीच्या भाडेकरूचे डिपॉझिटमधले आठ हजार रंगासाठी कापले होते, म्हणाले. गप्प झाले थोडा वेळ.
मग म्हणाले, प्लंबर पाठवतो. लाइट बिल आणि इंडेक्स टूचा फोटोही पाठवला. दोन्हींवर नाव त्यांचंच.

२१ जून
प्लंबरने बाथरूमचे सगळे नळ बंद केले, हातपंपाने लाइनीत दाब भरला. काटा पाच मिनिटांत उतरला. मालकांनी मला व्हिडिओ पाठवला, मजकूर नाही. जोडावर भेग होती म्हणे. भिंत फोडायची.

२२ जून
एजंटने कराराच्या खर्चाचे ४,५०० सांगितले. हिशेब मांडला. अकरा महिन्यांचं भाडं २,०९,०००, त्यात डिपॉझिटचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक. साडेपाचशेच्याही आत. नोंदणी हजार. उरलेले कशाचे, विचारलं. तीन हजारांवर आला. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या माणसाचे म्हणून सोडून दिलं.
शिवाय १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. मालक स्वतःच म्हणाले, खर्च निम्मा-निम्मा.

२३ जून
मालकांचा मेसेज, मुद्देसूद, मास्तरांसारखा. पाइप बदलला. २६पर्यंत प्लास्टर. टोकन दहा हजार त्यांच्या खात्यात, डिपॉझिटमधून वजा. काम झालं नाही तर तीन दिवसांत परत. ट्रॉल्या देणार नाहीत.
ट्रॉल्या जाऊ देत.

२६ जून
रजा टाकून गेले. प्लास्टर झालंय, करडं, ओलसर. पुन्हा तोच दाबाचा प्रयोग माझ्यासमोर करायला लावला. अर्धा तास. काटा हलला नाही.
तिथेच उभी राहून दहा हजार पाठवले. शेऱ्यात लिहिलं: टोकन, डिपॉझिटपैकी.
एजंट म्हणाला, "ताई, ३० तारखेच्या आत रंग मारून देतो, फोटोसारखं करतो."
नको म्हटलं. ओलं प्लास्टर रंगाखाली कोंडून परत फुगेल. आणि मला ती भिंत तशीच हवी आहे, पावसाळा सरेपर्यंत. करारात ओळ घातली: रंग मालकाकडून, दिवाळीआधी.

३० जून
टेम्पो दुपारी पोचला. आईची खाट बेडरूमऐवजी बाहेरच्या खोलीत लावली. लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे.
आई खिडकीपाशी गेली. "नारळ कुठेय गं?"
वर बघ, म्हटलं.