राजीनाम्याआधी सावद्याची फेरी

धुळ्यात पगारी नोकरी करणाऱ्या कुणाच्या मनात केळीचं रायपनिंग चेंबर काढायचं घोळत असेल, तर त्याने राजीनामा लिहिण्याआधी रजेच्या दिवशी रावेर-सावद्याकडे असं चेंबर चालवणाऱ्याला भेटायला जावं. नोकरी किंवा भागीदारी मागायला नव्हे. फोनवर आधीच सांगावं, "भाऊ, वीस मिनिटं द्या, तुमचं काम समजून घ्यायचंय." वीस मिनिटं म्हटलं की वीसच.

"धंदा कसा आहे?" हा प्रश्न वाया जातो, उत्तर "बरा आहे" एवढंच मिळतं. त्याऐवजी "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत?" असं विचारावं. मग खरं काम दिसू लागतं. हिरवी केळी इथिलीन वायू देऊन सोळा-अठरा अंशांच्या आसपास चार-पाच दिवस ठेवायची, हवा खेळती ठेवायची, वीज गेली की जनरेटरकडे धावायचं. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, तेव्हा स्वस्तातली पळवाट नाही.

पुढचा प्रश्न पैशाचा: "माल दिल्यावर रक्कम हातात किती दिवसांनी येते?" पगाराची सवय असलेल्याचं पाऊल इथेच अडखळतं.

एकट्या यशस्वी माणसाचं ऐकून निर्णय घेणं धोक्याचं. म्हणून निघताना विचारावं, "हे काम सोडलेलं कुणी माहीत आहे का?" त्या माणसाची भेट सर्वांत मोलाची. हेच प्रश्न तिघा-चौघांना विचारून उत्तरं त्याच रात्री वहीत लिहावीत. उधारीबद्दल सगळे एकच सांगत असतील, तर तेवढे दिवस घर चालेल इतकी शिल्लक साठेपर्यंत नोकरी सोडू नये.