धरणी फुटली आणि झोप उडाली

आमचं घर भीमनगर-भावसिंगपुऱ्यात, दोन खोल्यांचं. ह्यांची पहिली पाळी, पहाटे साडेपाचला कंपनीची गाडी पकडायची. सासूबाईंना दम्याचा त्रास. आणि पाच वर्षांचा धाकटा मात्र रात्री अकरापर्यंत अंथरुणावर उड्या मारायचा. एका रात्री माझा हात उठला. पोरगं हुंदके देत झोपलं, पण झोपेतही त्याचा श्वास अडखळत होता. मी मात्र जागीच राहिले.

दुसऱ्या दिवशी विचार केला, तेव्हा ध्यानात आलं की दोष माझ्या गोष्टीतच होता. त्याला रोज जातककथेतल्या भित्र्या सशाची गोष्ट लागायची. ताडाच्या झाडाखाली ससा पडलेला असतो. पिकलेलं बेलफळ ताडाच्या वाळल्या पानावर धाडकन पडतं. सशाला वाटतं, धरणी फुटली! तो पळत सुटतो. मागून ससे, हरणं, रानडुकरं, रेडे, गेंडे, वाघ, हत्ती, सगळं रान पळतं. शेवटी सिंह, म्हणजे बोधिसत्त्व, सगळ्यांना थांबवतो. मी “पळा, पळा!” म्हणत दोन्ही हातांनी उशी बडवायची. मग पोरगं निजणार कसं?

आधी मी नुसता आवाज बारीक केला. उपयोग झाला नाही, कारण शब्द पळणारेच होते. मग बेलफळाचा भागच गाळला, सिंहाला लवकर आणलं आणि गोष्ट संपवली. दिवा मालवला. काही वेळानं अंधारात प्रश्न आला, “आई, मग खरंच भुई फाटली का गं?” त्या रात्री पावणेबारा वाजले. लेकराच्या मनात भीती घालायची आणि ती उकलून दाखवायची नाही, हे जमत नाही.

मग भगिनींनो, गोष्ट तीच ठेवून मी तिची मापं बदलली. पळापळ दोन वाक्यांत उरकली. “पळा” हा शब्द एकदाच. मूळ कथेत सिंह सशाला पाठीवर घेऊन फळ पडलेल्या जागी परत जातो. तो भाग मी लांबवला. “सिंह चालला, हळू चालला. पाठीवर ससा, मऊ आयाळ. एक पाऊल, दुसरं पाऊल.” प्रत्येक पावलाला पाठीवर एक थाप. थाप सुरुवातीला त्याच्या चुळबुळीइतकीच जलद ठेवायची, मग हळूहळू लांबवायची. एकदम संथ थापलं तर ते हात झटकतं.

बेलफळ सापडलं की भीती संपली. “हे बघ, फळ पडलं होतं. धरणी जागच्या जागी आहे.” मूळ गोष्ट इथंच उरकते. मी पुढं सगळ्यांना घरी पाठवते. ज्या क्रमानं जमले त्याच्या उलट, थोरापासून लहानापर्यंत.

“हत्ती आपल्या वाटेनं गेला. सोंड खाली ठेवली. आणि निजला.”

“हरीण आपल्या गवतात गेलं. पाय पोटाशी घेतले. आणि निजलं.”

चाल तीच, शेवट तोच. प्रत्येक जनावरागणिक आवाज थोडा खाली आणि वाक्यानंतर माझा एक पूर्ण श्वास. या भागात प्रश्न नाही, “मग काय झालं असेल?” नाही, नवीन जनावर नाही. एकदा हौसेनं मी माकड घातलं, तर “ते काय खातं?” म्हणून पोरगं उठून बसलं! जे खाली जातं, मिटतं, घरी येतं, तेवढंच सांगायचं.

सिंह उजव्या कुशीवर निजतो. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात पहुडलेली बुद्धमूर्ती आहे, ती महापरिनिर्वाणाची, पण निजण्याची तऱ्हा हीच. तिला सिंहशय्या म्हणतात. धाकटा ते ऐकून आपण होऊन कूस वळतो. शेवटी ससा. त्याचे कान एक एक करून मिटतात.

गोष्ट लागू पडतेय हे पायावरून कळतं. अंगठा हलायचा थांबतो, मग माझ्या पदराची मूठ सैल होते. मूठ सैल झाली तरी मी दोन जनावरं आणखी सांगते. लगेच गप्प झालं की डोळे उघडतात. सासूबाई म्हणाल्या, “अगं, रोज तीच तीच गोष्ट, कंटाळत कसा नाही तो?” पण पुढचा शब्द ठाऊक असतो, म्हणूनच तो वाट बघत जागत नाही. पहिले तीन-चार दिवस त्यानं “पळा” जोरात म्हणायचा हट्ट केला. तो मी संध्याकाळी अंगणात पुरवला. तिथं अख्खी गल्ली पळते.

ताप असला, पोट रिकामं असलं किंवा एप्रिलमध्ये वीज गेली की ही गोष्ट काही करत नाही. त्या रात्री ओलं फडकं आणि पंखाच. एरवी मात्र रानडुकरापर्यंत पोचतो. ससा निजलेला त्यानं अजून ऐकला नाही, असं परवा ह्यांना सांगत होते, तर हेही घोरत होते.