बटवा त्या क्षणी कोणाच्या हाती होता?

तालुक्याच्या न्यायालयात वकिली करीत असताना, कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेस बसणाऱ्या उमेदवारांचा एक सायंवर्ग मी चालवीत असे. त्या वर्गात मालमत्तेविरुद्धच्या अपराधांचे प्रकरण आले, की मी फळ्यावर व्याख्या न लिहिता एक लहानशी हकीकत लिही. आठवड्याच्या बाजारातून परतणारा एक बैलांचा व्यापारी एस. टी. च्या थांब्यावर उभा आहे. शेजारचा इसम त्याच्या बंडीच्या खिशातून बटवा हळूच काढतो. व्यापाऱ्यास चाहूल लागून तो त्याचे मनगट धरतो. इसम त्या हाताला कडकडून चावतो आणि बटव्यासह पळून जातो. पुढे चार पर्याय: चोरीचा प्रयत्न, चोरी आणि दुखापत असे दोन स्वतंत्र अपराध, बलाद्ग्रहण, म्हणजे आपण जिला व्यवहारात खंडणी म्हणतो ती, आणि जबरी चोरी.

पहिला पर्याय तत्काळ गळून पडे, कारण अप्रामाणिक हेतूने वस्तू जागची हलली, की चोरी पुरी होते. चोर ती घेऊन घरी पोचावा अशी कायद्याची अपेक्षा नाही. बलाद्ग्रहणही टिकत नसे: तेथे भय घालून मालकाकडूनच वस्तू देवविली जाते, आणि आमच्या व्यापाऱ्याने तर काहीच दिले नव्हते. खरी झटापट दुसऱ्या आणि चौथ्या पर्यायांत होई, आणि एका वर्षी ती पोलीस खात्यातून निवृत्त होऊन कायदा शिकू लागलेल्या एका हवालदारांनी विशेष रंगविली.

ते म्हणाले, "साहेब, बटवा खिशातून निघाला तेव्हाच चोरी संपली. चावा नंतरचा. संपलेल्या चोरीला जबरी कशी म्हणायची?"

युक्तिवाद साधा नव्हता. पण भारतीय दंड संहितेचे कलम 390 चोरी करतानाच्या बळापाशी थांबत नाही. चोरलेला माल घेऊन जाताना किंवा घेऊन जाण्याचा यत्न करताना, त्याच कार्यासाठी, अपराधी बुद्ध्या मृत्यू, दुखापत किंवा गैर अटकाव घडवील वा त्यांचे तात्काळ भय घालील, तरी त्या चोरीस जबरी चोरी म्हणते. चावा बटवा टिकविण्यासाठी होता. म्हणून चौथा पर्याय बरोबर. (2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेत हीच व्याख्या कलम 309 मध्ये आहे, आमच्या पिढीच्या जिभेवर मात्र जुनेच क्रमांक येतात.)

मग मी हकीकतीतील एकच गोष्ट बदलली. मनगट धरले जाताच इसमाने बटवा जमिनीवर टाकला, आणि सुटका करून घेण्यासाठी तो चावला. जखम तीच, रक्त तेवढेच. परंतु दुखापत आता माल नेण्यासाठी नसून केवळ पळून जाण्यासाठी आहे, म्हणून दुसरा पर्याय खरा ठरतो. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि जबरी चोरीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, हे अंतर ध्यानी घेतले, म्हणजे फिर्याद लिहून घेताना 'चावून पळाला' एवढ्यावर लेखणी थांबविणाऱ्या अंमलदाराने काय गमावले ते कळते. हवालदारसाहेबांनी तेव्हा मान डोलावली, आणि अशा कित्येक फिर्यादी आपण स्वतः पाहिल्याचे सांगितले.

तिसऱ्या पर्यायास जिवंत करण्यासाठी मी इसमाच्या तोंडी धमकी घातली. इसम म्हणतो, "पैसे दे, नाहीतर आज रात्री तुझी गंजी पेटवीन," आणि व्यापारी बटवा देतो: हे बलाद्ग्रहण, कारण संकट रात्रीचे आहे, त्या क्षणाचे नव्हे. तोच इसम समोर उभा राहून पोटाला सुरी लावतो आणि व्यापारी तेथल्या तेथे बटवा काढून देतो: बलाद्ग्रहणाचीच जबरी चोरी झाली. आणि सुरी पाहून व्यापारी थिजला, हातही हलला नाही, इसमाने स्वतःच खिशात हात घातला, तर? देणे घडलेच नाही, म्हणून बलाद्ग्रहण नाही; पण तात्काळ मृत्यूचे भय घालून केलेली चोरी आहे, तेव्हा नाव पुन्हा जबरी चोरीच, वाट तेवढी निराळी.

वर्ग सुटल्यावर हवालदार दाराशी थांबले. "बटवा हातात धरून चावला, दहा पावले पळाला, आणि लोक मागे लागले म्हणून मग टाकला, तर?"

मी म्हटले, चावा घेतला त्या क्षणी बटवा नेण्याचा यत्न चालू होता, हे सिद्ध झाले, की जबरी चोरी पुरी झाली. नंतर टाकलेल्या बटव्यामुळे ती मागे फिरून साधी होत नाही. मात्र तो कोठे पडला, याचा पंचनामा थांब्यापाशी आणि दहा पावलांवर, दोन्ही जागी नीट व्हायला हवा.