ताईच्या घराचा कायदेशीर वारस मी आहे



ताईची परवानगी घेऊनच हे लिहितोय. ताई 64 वर्षांची आहे. गेली 22 वर्षे ती कारेलीबागेत तिच्या जोडीदाराबरोबर राहते. आमची मुलं त्यांना मावशी म्हणतात, मीही इथे तसंच म्हणतो. फ्लॅट दोघींनी मिळून घेतला. दस्तात दोघींची नावं आणि निम्मा-निम्मा हिस्सा. आजची किंमत धरा 60 लाख.

17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही आणि तो विषय संसदेवर सोडला. त्यामुळे कायद्याच्या लेखी या दोघी एकमेकींच्या कोणीच नाहीत.

उद्या ताई मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा 30 लाखांचा हिस्सा मावशींना मिळत नाही. दस्तावर दोघींची नावं असली, म्हणून मागे राहिलेली आपोआप मालक होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात अविवाहित बाईचे वारस म्हणजे आई-वडील, ते नसतील तर वडिलांचे वारस. आमचे आई-वडील आता नाहीत. म्हणजे 15 लाखांचा हिस्सा माझा आणि 15 लाखांचा दिवंगत दादाच्या बायको-मुलांचा. वहिनी पुण्याला. त्यांनी वाटणी मागितली, तर मावशींना घर विकावं लागू शकतं.

दोघींनी आधी मैत्री कराराचा विचार केला होता. गुजरातेत ही पद्धत जुनी आहे. पण तो करार फक्त सही करणाऱ्या दोघींपुरता. लग्नाचा दर्जा त्याला नाही, आणि वारसाहक्क त्यातून मिळत नाही.

मी म्हटलं, मग आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू. वकिलांनी थांबवलं. आयकर कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत नवरा-बायको आहेत, असा जोडीदार नाही. 50,000 रुपयांवरची भेट नातेवाइकाकडून नसेल, तर घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. म्हणजे 30 लाखांवर मावशींना कर. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर नाही.

म्हणून मृत्युपत्र. ताईने सही केली, दोन साक्षीदारांनी तिच्यासमोर सह्या केल्या. दोघेही तिच्याहून लहान, आणि दोघांना त्यातलं काहीच मिळत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी आम्ही सब-रजिस्ट्रारकडे केली. "भावाला व भावाच्या मुलांना मी समजून-उमजून काही देत नाही" हे वाक्य मुद्दाम घातलं, म्हणजे उद्या कोणी "विसरली असेल" म्हणायला नको. मावशींनीही तसंच आपलं मृत्युपत्र केलं.

बँकेत नॉमिनी मावशीच आहेत. समलिंगी जोडप्यांना जोडखातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, हक्क वारसाचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितलं. विम्यात 2015 पासून आई-वडील, नवरा-बायको, मुलं हे नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. मावशी त्या यादीतही बसत नाहीत. म्हणून ठेवी आणि पॉलिसीसुद्धा मृत्युपत्रात नावानिशी लिहिल्या.

खरा अडसर दवाखान्यात. गेल्या वर्षी एका रात्री ताई घरात पडली आणि बेशुद्ध झाली. मावशींनी तिला एका रुग्णालयात नेलं. काउंटरवर विचारलं, "पेशंटचं तुमचं नातं काय?" मावशी म्हणाल्या, "आम्ही एकत्र राहतो." "मग नातेवाइकाला बोलवा." मी मांजलपूरहून गेलो, सही केली. मी पुण्यात असतो तर?

शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते. जिवावर बेतलं असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबू नयेत. अडचण या दोन्हींच्या मधल्या वेळी. कुलमुखत्यारपत्र तिथे उपयोगी पडेलच असं नाही, कारण देणाऱ्याचं भान हरपलं की त्याचा आधार डळमळतो. मानसिक आजारासाठी मात्र 2017 च्या कायद्याने कुणाही सज्ञान माणसाला प्रतिनिधी नेमता येतं, साध्या कागदावर, नातं नसलं तरी. बाकी आजारांना अशी सोय नाही. शेवटच्या आजारात उपचार कुठवर करायचे याचा लेख दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडून साक्षांकित करता येतो, आणि कोणी निर्णय घ्यायचा ते नाव त्यात घालता येतं. ताईने मावशींचं घातलं. पण पडून बेशुद्ध होणं त्यात बसत नाही.

ती फट कागदाने बुजत नाही. म्हणून मी एक पत्र सही करून दोघींच्या फाइलीत ठेवलंय: मी वेळेवर पोहोचलो नाही, तर ताईच्या उपचारांबद्दल मावशींशी बोलावं, भाऊ म्हणून माझी हरकत नाही. वहिनींनीही खाली सही केली. रुग्णालयावर ते बंधनकारक नाही. पण नातेवाईक भांडतील ही धास्ती तरी त्यांना राहणार नाही.